ज्याचा खर्च त्याच्याच नावावर : प्रस्तावना

साठ्याच्या मूल्यांकनावरची पुस्तके बहुधा साखरेच्या पोत्यांपासून किंवा लोखंडी सळयांपासून सुरू होतात. एक पोते दुसऱ्यासारखेच असते, म्हणून सरासरी काढली की भागते. या पुस्तकाचा वाचक सराफ आहे, जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे किंवा त्यांचे हिशेब लिहिणारा आहे. त्याच्या दुकानात सरासरी फसते, आणि ती का फसते हे तीन गाड्यांवरून चटकन कळते.

पहिली गाडी ३,१०,००० रुपयांना घेतली आणि क्लच, टायर, डेंटिंग-पेंटिंगवर ४०,००० खर्च झाले. दुसरी ६,००,००० ची, किरकोळ कामाचे १०,०००. तिसरी ४,६०,००० ची, दुरुस्ती २०,०००. तिन्हींचा मिळून खर्च १४,४०,०००, म्हणजे गाडीमागे सरासरी ४,८०,०००. आता पहिली गाडी ३,९०,००० ला गेली. तिचा स्वतःचा खर्च ३,५०,०००, म्हणजे ४०,००० सुटले. सरासरी मात्र सांगते की ९०,००० चा तोटा झाला. दुसरी ६,५०,००० ला विकली की खरा नफा पुन्हा ४०,००० च, पण सरासरीच्या वहीत तो १,७०,००० दिसतो. तिसरी ४,५०,००० ला गेली तर दोन्हीकडे ३०,००० चा तोटा, तोही तिचा खर्च योगायोगाने सरासरीइतकाच आहे म्हणून. तिन्ही विकून झाल्यावर एकूण नफा दोन्ही पद्धतींत ५०,००० च येतो. मग बिघडले कुठे? पहिली गाडी मार्चमध्ये आणि बाकीच्या दोन एप्रिलमध्ये विकल्या, तर एका वर्षाच्या हिशेबात खोटा तोटा पडतो आणि पुढच्या वर्षात खोटा नफा. शिवाय कोणत्या प्रकारची गाडी घेण्यात फायदा आहे, याचा मालकाला उलटाच धडा मिळतो.

म्हणूनच एएस-२ आणि इंड एएस २ ही दोन्ही लेखामानके सांगतात की जे नग सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत, त्यांचा खर्च नगागणिक धरावा. बाकीच्या मालाला ‘आधी आले ते आधी गेले’ किंवा भारित सरासरी. गाडीच्या खर्चात खरेदी, दलाली, टोइंग आणि विकण्याजोगी करण्यासाठी केलेली दुरुस्ती येते. शोरूमचे भाडे, जाहिरात आणि विक्रेत्याचा पगार येत नाही. चूक बहुधा गॅरेजच्या बिलात होते. चार गाड्यांचे एकच बिल येते आणि मुनीम त्याचे चार सारखे भाग करतो. तिथे सरासरी मागच्या दाराने परत आत येते. प्रत्येक गाडीच्या चॅसी क्रमांकावर वेगळे जॉबकार्ड असेल तरच ही पद्धत टिकते.

जीएसटीतही नगागणिक नोंद लागते, पण आकडा वेगळा. नियम ३२(५) खाली, खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल तर जुन्या मालाच्या विक्री आणि खरेदी किमतीतल्या फरकावर कर बसतो, आणि फरक उणे असेल तर तो सोडून द्यावा लागतो. वरच्या किमती कराशिवायच्या धरल्या तर फरक ८०,०००, ५०,००० आणि उणे १०,०००. कर १,३०,००० वर बसतो, १,२०,००० वर नाही. दुरुस्तीचा खर्च या फरकातून वजा होत नाही. म्हणून गाडीच्या पानावर खरेदी आणि दुरुस्ती हे दोन रकाने वेगळे हवेत.

सराफाचे काम जास्त नाजूक आहे, कारण एकाच दुकानात दोन्ही जातींचा माल असतो. हिऱ्यांच्या हाराला सोन्याचे वजन, खड्यांची प्रत आणि घडणावळ यांचा स्वतंत्र खर्च आहे. त्याच्या जागी दुसरा हार चालत नाही. त्यातला एक खडा काढून अंगठीत बसवला, तर खड्याचा खर्चही हाराच्या पानावरून अंगठीच्या पानावर गेला पाहिजे. पण दहा ग्रॅमची दोन सारखी नाणी घ्या. एक ७०,००० ला घेतलेले, दुसरे ९०,००० ला. विक्री ९५,००० ला झाली, तर कोणते नाणे उचलले यावर नफा २५,००० की ५,००० हे ठरेल. गिऱ्हाइकाला फरक शून्य. मालकाला मात्र नफा हवा तसा दाखवता येतो. अशा मालाला ही पद्धत वापरू नये असे मानकाचे म्हणणे आहे, ते याचसाठी.

इथे एक गैरसमज फार पसरलेला दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा झाला, तेव्हा ‘आता प्रत्येक नगाला क्रमांक आहे, मग सगळाच माल नगागणिक लावू’ असे काही जण म्हणू लागले. क्रमांकाने नग ओळखता येतो. पण त्याच वजनाची, त्याच घडणीची दुसरी साखळी गिऱ्हाईक तितक्याच खुशीने नेत असेल, तर ती अदलाबदलीचीच आहे. माझ्या मते अशा साखळ्यांना भारित सरासरीच योग्य.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी वाचकाने आपल्या साठ्याची यादी घ्यावी आणि प्रत्येक ओळीपुढे लिहावे : याच्या जागी दुसरा नग दिला तर गिऱ्हाईक तक्रार करील का?