सामायिक वेळ आणि बैठकमुक्त दिवस : एका नियमाचा पूर्वेतिहास

कर्मचारी काही दिवस घरून व काही दिवस कचेरीत काम करतात अशा संस्थांतून आज वेळापत्रकाचे दोन नियम आढळतात. दिवसातील ठराविक तास सर्वांनी एकमेकांस उपलब्ध असावे, हा पहिला. आठवड्यातील एक दिवस बैठकांपासून मुक्त ठेवावा, हा दुसरा. २०२० च्या साथीने त्यांचा प्रसार झाला हे खरे. परंतु त्यांची मुळे त्याहून जुनी आणि परस्परांहून भिन्न आहेत.

पहिल्या नियमाचा उगम पश्चिम जर्मनीत सापडतो. म्यूनिकजवळील ओटोब्रुन येथील ब्योल्को या विमाननिर्मिती संस्थेत १९६७ साली लवचीक वेळेची पद्धत सुरू झाली. सर्वजण एकाच वेळी येत असल्यामुळे रस्त्यांवर होणारी कोंडी हे तिचे तात्कालिक कारण होते. येण्याजाण्याची वेळ कामगाराने ठरवावी, मधल्या काळात मात्र सर्वांनी हजर असावे, अशी ही योजना होती. म्हणजे सामायिक वेळ ही स्वातंत्र्याची किंमत म्हणून आली. एकाग्रतेचा विचार तीत नव्हता.

तो विचार अमेरिकेत लेस्ली पर्लो यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतो. त्यांनी पाहिलेल्या संगणक-अभियंत्यांच्या गटात दिवसभर सहकाऱ्यांच्या शंका व बैठका चालत, आणि खरे काम रात्री किंवा सुटीच्या दिवशी होई. म्हणून आठवड्यातून तीन दिवस दुपारपर्यंत कोणी कोणास अडवू नये, असा 'शांत काळ' ठरविण्यात आला; पुढे परस्परसंपर्कासाठीही वेळ नेमून देण्यात आली. अनेकांनी काम वाढल्याचे सांगितले. तथापि प्रयोग संपताच गट जुन्या सवयींकडे वळला. पर्लो यांच्या मते याचे कारण असे की, आणीबाणी निस्तरणाऱ्यालाच तेथे मान मिळे. वेळापत्रक बदलले, पण गुणवत्तेचे मोजमाप बदलले नाही.

घर आणि कचेरी यांत विभागलेल्या गटापुढे हीच अडचण वेगळ्या रूपाने उभी राहते. २०२३ च्या जानेवारीत कॅनडातील शॉपिफाय कंपनीने तीन वा अधिक माणसांच्या नियतकालिक बैठका रद्द केल्या, बुधवार बैठकमुक्त ठेवला आणि रद्द बैठक पुन्हा योजण्यापूर्वी दोन आठवडे थांबण्यास सांगितले. या शेवटच्या अटीत नियमाचे मर्म आहे. केवळ बुधवार मोकळा केला, तर त्या दिवसाच्या बैठका मंगळवारी व गुरुवारी जाऊन बसतात. थांबावे लागले, तरच कोणती बैठक अनावश्यक होती हे कळते.

म्हणून नियमाची परीक्षा बुधवारच्या रिकाम्या रकान्यावरून होत नाही. आठवड्यातील बैठकांचे एकूण तास घटले काय, आणि सामायिक वेळेबाहेर धाडलेल्या प्रश्नास उशिरा उत्तर देणाऱ्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाते काय, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर पर्लो यांच्या अभियंत्यांप्रमाणेच तेथेही खरे काम रात्रीच होत राहील.