ऑडिओ सीडी बर्निंग
संगणकातील ध्वनिफायलींपासून सीडी प्लेअरवर वाजणारी तबकडी तयार करण्याची क्रिया. फायली ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट अशा असंपीडित रूपात आणून वाजवण्याच्या क्रमाने मांडतात. बर्निंग सॉफ्टवेअर बहुधा दोन ट्रॅकमध्ये २ सेकंदांची शांतता घालते. विलंबित ख्यालाला जोडूनच द्रुत बंदिश येते, तेथे या शांततेने लय तुटते. म्हणून ‘डिस्क-ॲट-वन्स’ पद्धत निवडून पहिला ट्रॅक वगळता बाकीच्यांपूर्वीचे अंतर शून्य ठेवतात. ट्रॅकची लांबी १/७५ सेकंदाच्या पटीत नसेल, तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि सांध्यावर ‘टक्’ ऐकू येते. आवाज जुळवताना एका मैफलीचे सर्व ट्रॅक एकाच प्रमाणात कमी-जास्त करतात. निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांच्या संकलनात मात्र प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे जुळवावी लागते.