वर काळोख, खाली ऊन

मालवणला मामा अजूनही होडी घेऊन समुद्रात जातो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारा गुलाबी पडदा दिसायला लागला. त्याला आपल्याकडे ‘डोळ्यात मांस वाढणं’ म्हणतात. डॉक्टर म्हणाले, उन्हापासून डोळे सांभाळा, चांगला गॉगल वापरा. पुण्यात नोकरी करणारा इंजिनिअर भाचा कशासाठी असतो? मी झकास गॉगल घेतला. वरच्या बाजूला आरशासारखा चकचकीत, खाली हळूहळू फिका होत जाणारा. दुकानदार म्हणाला, ‘मर्क्युरी आहे, फुल प्रोटेक्शन.’

मामाने तो एक दिवस वापरला आणि फोन केला. “झिला, वर काळोख आणि खाली ऊन! ह्यो कसलो गॉगल?”

तेव्हा मला वाटलं, मामाला फॅशन कळत नाही. नंतर या काचेचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की मामाने एका वाक्यात तिचं डिझाइन सांगितलं होतं. ती काच होडीसाठी बनलीच नव्हती. ती बनली होती विमानासाठी.

वैमानिकाची काच

१९३०च्या दशकात अमेरिकन हवाई दलाचे वैमानिक अधिकाधिक उंचीवर जाऊ लागले. ढगांच्या वर आकाश डोळे दिपवणारं असतं, आणि विमानाच्या आत, समोरच्या पॅनेलवर, त्या मानाने अंधार असतो. बाऊश अँड लोम्ब या कंपनीने त्यांच्यासाठी हिरवट काचेचे चष्मे बनवले. १९३७ साली ते ‘रे-बॅन’ या नावाने सामान्य बाजारातही आले. पण गडद काचेतून पॅनेलवरचे काटे नीट दिसत नाहीत. दर वेळी चष्मा काढायचा आणि घालायचा, हे विमान चालवताना शक्य नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यावर उपाय निघाला तो ‘ग्रेडियंट मिरर’ काचेचा. काचेच्या वरच्या भागावर धातूचा आरसा, खालचा भाग मोकळा. मान न हलवता नजर वर केली की आकाश सुसह्य, खाली केली की घड्याळं स्पष्ट. म्हणजे या रचनेमागे एक गृहीतक होतं: झगमगाट नेहमी वरून येतो आणि खाली अंधार असतो.

कॉकपिटमध्ये हे शंभर टक्के खरं आहे. होडीत नेमकं उलटं असतं.

आरसा चढवतात कसा

‘मर्क्युरी’ हे नाव ऐकून मला वाटायचं की काचेवर पारा लावतात. जुन्या घरगुती आरशांमागे खरोखरच कथील आणि पाऱ्याचं मिश्रण असायचं, पण गॉगलमध्ये पारा नसतो. गॉगलच्या आरशाचं तंत्र दुर्बिणींकडून आलं आहे.

कॅलिफोर्नियात जॉन स्ट्राँग नावाचा शास्त्रज्ञ दुर्बिणींच्या आरशांवर चांदीऐवजी ॲल्युमिनियम चढवायच्या खटपटीत होता. चांदी लवकर काळी पडते, ॲल्युमिनियम टिकतं. त्याने आरसा एका मोठ्या टाकीत ठेवून आतली हवा काढून टाकली आणि टंगस्टनच्या तापलेल्या तारेवर ॲल्युमिनियमची वाफ केली. हवा नसल्यामुळे धातूचे अणू कुणाशी न धडकता सरळ रेषेत जातात आणि समोरच्या काचेवर बसतात. १९३५ साली माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर असा थर चढला.

गॉगलची काचही अशाच टाकीत जाते. फरक थराच्या जाडीचा. दुर्बिणीला पूर्ण आरसा हवा, गॉगलला अर्धवट. त्यासाठी थर काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर इतकाच लागतो, आणि आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. इतक्या पातळ थरावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग परत फिरतो, काही धातूतच जिरतो आणि उरलेला आत येतो.

आणि फिकट होत जाणारी कड? अणू सरळ रेषेत जातात म्हणजे त्यांची सावलीही पडते. काचेपासून थोड्या अंतरावर एक पट्टी आडवी धरली की तिच्यामागे धातू पोचत नाही. पण वाफ एका बिंदूतून न येता थोड्या पसरट जागेतून येते, म्हणून सावलीची कड धूसर पडते. ट्यूबलाइटखाली हाताची सावली कशी कडेला विरत जाते, तसंच. ती विरत जाणारी सावली म्हणजेच ग्रेडियंट.

आरसा नसलेले ग्रेडियंट गॉगल याहून साधे असतात. प्लॅस्टिकची काच गरम रंगात बुडवतात आणि हळूहळू वर-खाली करतात. जो भाग जास्त वेळ रंगात राहतो तो जास्त गडद होतो.

आरसा, पण खिडकी

आता खरा प्रश्न. हा आरसा अतिनील किरण, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘यूव्ही’, परत पाठवतो का?

याचं सगळ्यात मजेशीर उत्तर अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या प्रयोगात आहे. १९१०च्या सुमारास त्यांना अतिनील प्रकाशात फोटो काढायचे होते. त्यासाठी असं काहीतरी हवं होतं जे दिसणारा सगळा प्रकाश अडवेल आणि अतिनील तेवढा सोडेल. त्यांनी काय वापरलं? चांदीचा आरसा! क्वार्ट्झच्या भिंगावर चांदीचा थर चढवला. डोळ्यांना तो आरपार न दिसणारा, चकचकीत आरसा होता. पण चांदीची चमक ३२० नॅनोमीटरच्या आसपास अचानक कोसळते. तिथला अतिनील प्रकाश त्या थरातून आत जात होता. म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशासाठी भिंत आणि अतिनीलसाठी खिडकी.

वुड यांच्या त्या फोटोंमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट होती. भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाची सावली जवळजवळ दिसतच नव्हती. अतिनील प्रकाश हवेत इतका विखुरतो की तो एकट्या सूर्याकडून नाही, सगळ्या आकाशातून येतो. हे पुढे लागणार आहे.

ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम चांदीसारखे वागत नाहीत. मुद्दा इतकाच की डोळ्यांना दिसणारी चमक बघून न दिसणाऱ्या किरणांबद्दल काहीच सांगता येत नाही. आणि अर्धवट आरसा ज्या प्रमाणात प्रकाश आत सोडतो, त्यात अतिनीलही असू शकतो.

मग अतिनील अडवतं कोण? काचेचा पदार्थ. याचा शोध गॉगलच्या फॅशनआधीच लागला होता. काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होतो म्हणून इंग्लंडमध्ये विल्यम क्रूक्स यांनी ३०० हून जास्त प्रकारच्या काचा बनवून तपासल्या. १९१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोहामुळे उष्णता अडते, सीरियममुळे अतिनील अडतो, आणि सीरियमची काच जवळपास बिनरंगी ठेवता येते. म्हणजे गडदपणा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळलं होतं. आज प्लॅस्टिकच्या काचेत अतिनील शोषणारं रसायन मिसळतात. पॉलिकार्बोनेट तर मुळातच बहुतेक अतिनील शोषतं.

म्हणूनच आरशावर ओरखडा पडला तर घाबरू नका. तिथून थोडा जास्त उजेड येईल, पण अतिनील अडवणारा पदार्थ आत तसाच आहे.

खालून आणि बाजूने

मामाच्या डोळ्याकडे परत येऊ. डोळ्यात मांस वाढतं ते बहुतेक वेळा नाकाकडच्या बाजूनेच. असं का? ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की कानाच्या बाजूने तिरका येणारा प्रकाश डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात वाकतो आणि भिंगातून गेल्यासारखा बरोबर नाकाकडच्या कडेवर एकवटतो. तिथे त्याची तीव्रता सुमारे २० पट होऊ शकते. हा प्रकाश गॉगलच्या काचेतून येतच नाही. तो काचेच्या बाजूच्या फटीतून येतो. आणि वुड यांच्या फोटोंनी सांगितलंच आहे की अतिनील सगळ्या दिशांनी येतो.

काच कितीही महाग असली, आरसा कितीही लखलखीत असला, तरी फट उघडी असेल तर या प्रकाशाला काहीच अडवत नाही. उलट मागून आलेला उजेड काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात येतो. आरशाच्या गॉगलमध्ये हे जास्त जाणवतं, म्हणून चांगल्या काचांना आतून परावर्तन कमी करणारा लेप असतो.

खालून येणारा उजेड ही दुसरी अडचण. समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील परत फेकतो, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के. पाण्यावरची चमक तर खालच्या, फिक्या भागातूनच आत येते. तिथे ग्रेडियंट काहीच मदत करत नाही. आरसाही नाही, कारण तो सगळाच प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करतो. पाण्यावरची चमक वेगळी ओळखून कापायचं काम पोलराइज्ड काच करते.

नोटेची परीक्षा

दिवाळीत गेलो तेव्हा यूव्ही टॉर्च आणि पाचशेची नोट घेतली. नोटेवरचे नंबर अतिनील प्रकाशात चमकतात. आधी नुसता टॉर्च मारला: नंबर चमकले. मग टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये काच धरली. आरशाच्या भागात चमक गेली. खालच्या फिक्या भागातही गेली. मग माझा रोजचा, पूर्ण पारदर्शक चष्मा धरला. चमक तिथेही गेली! मामा नोटेकडे बघत राहिला.

म्हणजे दुकानदार काचेबद्दल खोटं बोलला नव्हता, आरशाबद्दल बोलला होता. काम प्लॅस्टिक करत होतं. या परीक्षेला एक मर्यादा आहे. स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात, म्हणजे अतिनीलच्या अगदी काठावरचे, आणि त्यांचा जांभळा उजेड काचेतून थोडा येतोच. ३६५चा टॉर्च घ्यावा किंवा चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर तपासून घ्यावं.

आणि एक गोष्ट कुठल्याच गॉगलने करू नये. ग्रहणाच्या चष्म्याची चंदेरी फिल्म दिसायला आपल्या ‘मर्क्युरी’सारखीच असते. पण ती जास्तीत जास्त ०.००३२ टक्के प्रकाश सोडते. नेहमीचा गडद गॉगल ८ ते १८ टक्के सोडतो. १० टक्के धरले तरी ३,००० पटींहून जास्त. सूर्याकडे बघायला गॉगल नाही म्हणजे नाही.

मामाला आता कानापर्यंत वळलेला, सगळीकडे सारख्या रंगाचा पोलराइज्ड गॉगल आणि रुंद काठाची टोपी दिली आहे. आरसा नाही. पडदा मागे गेलेला नाही, जाणारही नाही. फार वाढला तर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण तो गॉगल मामा होडीत घालतो.

जुना मर्क्युरीवाला माझ्याकडे आहे. मी तो गाडी चालवताना वापरतो: समोर झगझगीत आकाश आणि खाली डॅशबोर्डचे काटे.