क्लाउड खाते : खर्चावरील देखरेख व बजेट-इशारे

क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या संगणकसाधनांचा खर्च महिना चालू असतानाच पाहता यावा आणि तो ठरावीक रकमेजवळ पोचताच खातेदाराला कळावे, यासाठीची व्यवस्था. प्रयोगापुरते सुरू केलेले यंत्र बंद करायचे विद्यार्थ्याकडून राहून गेले, तर या व्यवस्थेची खरी गरज पडते. आभासी यंत्राचे भाडे ते चालू असेल तितक्या वेळाचे लागते. त्यावर काही काम झाले की नाही, याचा भाड्याशी संबंध नसतो. लॅपटॉप मिटला किंवा ब्राउझर बंद केला तरी दूरचे यंत्र चालूच राहते. प्रस्तुत नोंदीत ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस (एडब्ल्यूएस) या सेवेचे उदाहरण घेतले आहे.

खर्च कसा चढतो : समजा, सशुल्क खाते असलेल्या एका विद्यार्थ्याने उत्तर व्हर्जिनिया विभागात `g4dn.xlarge` हे ग्राफिक्स प्रोसेसर असलेले यंत्र घेतले. त्याचा मागणीनुसारचा दर ताशी ०.५२६ डॉलर धरू. सोबत महिना ८ डॉलरची १०० जीबी डिस्क आणि ताशी ०.००५ डॉलरचा सार्वजनिक आयपी पत्ता आहे. एकूण खर्च ताशी सुमारे ५४ सेंट, म्हणजे दिवसाला १३ डॉलर होतो. महिनाभर लक्ष गेले नाही, तर बिल करांशिवाय ३९० डॉलरच्या घरात जाते.

इशारा आणि विलंब : ‘बजेट्स’ या सुविधेत मासिक रक्कम ठरवून तिच्या ठरावीक टक्क्यांवर ईमेल मागवता येतो. वरील विद्यार्थ्याने १० डॉलरचे बजेट ठेवून ५० टक्क्यांवर इशारा लावला असेल, तर ५ डॉलरची मर्यादा सुमारे नऊ तासांत ओलांडली जाते. ईमेल मात्र त्याच क्षणी येत नाही. बजेटमधील आकडे साधारण ८ ते १२ तासांच्या अंतराने ताजे होतात. त्यामुळे संदेश बारा तास उशिरा आला, तर तोवर खर्च ११ डॉलरच्या पुढे गेलेला असतो. म्हणून पहिला टप्पा आपल्याला परवडणाऱ्या रकमेच्या बराच खाली ठेवतात. महिनाअखेरच्या अंदाजावर आधारलेला इशाराही असतो. पण त्याला सुमारे पाच आठवड्यांच्या वापराची माहिती लागते. नव्या खात्यात तो उपयोगी पडत नाही.

इशाऱ्याची मर्यादा : ईमेल पाठवल्याने यंत्र थांबत नाही आणि बजेटची रक्कम संपली म्हणून आकारणीही थांबत नाही. त्यासाठी बजेटला ‘कृती’ जोडावी लागते. मर्यादा ओलांडताच निवडलेली यंत्रे थांबवणे किंवा नवी साधने सुरू करण्याची परवानगी काढून घेणे, अशा कृती ठरवता येतात. कृतीही त्याच उशिरा पोचणाऱ्या आकड्यांवर चालते. शिवाय ती निवडलेल्या यंत्रांपुरतीच असते. ‘अझुर फॉर स्टुडंट्स’ या मायक्रोसॉफ्टच्या योजनेची रचना वेगळी आहे. तिच्यासाठी क्रेडिट कार्ड लागत नाही आणि मिळालेली १०० डॉलरची जमा संपली की सेवा बंद केली जाते.

थांबवल्यानंतर उरणारा खर्च : यंत्र थांबवले की त्याचे ताशी भाडे थांबते, पण डिस्कचे चालू राहते. वरील उदाहरणात ते महिना ८ डॉलर आहे. राखून ठेवलेला स्थिर आयपी पत्ता असेल, तर त्याचे महिना साडेतीन डॉलरच्या आसपास वेगळे लागतात. यंत्र कायमचे काढून टाकल्यास मूळ डिस्क सहसा त्याच्याबरोबर जाते. मागाहून जोडलेल्या डिस्क आणि डिस्कच्या साठवलेल्या प्रती मात्र राहतात. आरडीएस या सेवेतील थांबवलेला डेटाबेस तर सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे एकदा बंद केल्यावर आठवडाभराने पुन्हा आकारणी दिसली, तर आधी तो तपासतात.

शोध : यंत्रांची यादी एका वेळी एकाच विभागाची दिसते. मुंबई विभाग उघडून यादी रिकामी दिसली, तरी व्हर्जिनियात यंत्र चालू असू शकते. म्हणून सुरुवात यंत्रांच्या यादीऐवजी बिलाच्या पानापासून करतात. तेथे खर्च सेवेनुसार आणि विभागानुसार फोडून दाखवलेला असतो. त्यावरून नेमक्या विभागात जाऊन साधन काढून टाकता येते. ‘कॉस्ट एक्स्प्लोरर’ या साधनात खर्च दिवसवार लावला, तर रोज सारख्याच उंचीचे स्तंभ दिसणे ही विसरलेल्या साधनाची ठळक खूण होय. आदल्या दिवशी काढलेल्या साधनाची रक्कम काही तास दिसत राहते. काम फत्ते झाले की नाही, हे पुढच्या दिवसाच्या स्तंभावरूनच ठरवावे.

देय रक्कम : कार्डाची माहिती बदलल्याने किंवा खाते बंद केल्याने आधी झालेला खर्च माफ होत नाही. बिलाविषयी मदतकक्षाकडे विनामूल्य विनंती नोंदवता येते. तिच्यात साधन कधी सुरू झाले, कधी काढले आणि पुढे कोणता इशारा लावला, हे लिहितात. सूट मिळण्याची हमी मात्र नसते.