कुमरानचं कापड आणि लॉगचं कोष्टक

नातीने परवा मोबाईलवर पुस्तकाच्या एका पानाचा फोटो पाठवला. खाली एक ओळ होती, "आजोबा, हे लॉगने कसं सोडवायचं?" गणित असं होतं : मृत समुद्राजवळ सापडलेल्या तागाच्या कापडात मूळच्या ७९ टक्के कार्बन-१४ शिल्लक आहे. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं. तर कापडाचं वय किती?

मी इतिहासाचा मास्तर, पण आमच्या वेळी लॉगची कोष्टकं सगळ्यांच्याच दप्तरात असत. शिवाय हे कापड खरोखरच होऊन गेलेलं आहे, म्हणून इथे लिहितो.

आधी गणित. पुष्कळ मुलं त्रैराशिक मांडतात : ५७३० वर्षांत ५० टक्के गेला, तर २१ टक्के जायला किती? उत्तर येतं २४०७ वर्षं. ते चूक. कारण दरवर्षी ठरावीक वजनाचा कार्बन नाहीसा होत नाही. जेवढा शिल्लक असेल, त्याचा ठरावीक हिस्सा जातो. सुरुवातीला साठा मोठा, म्हणून घटही मोठी, आणि पुढे पुढे ती मंदावते. म्हणून ५७३० वर्षांनी निम्मा राहतो, पण आणखी तेवढ्याच वर्षांनी शून्य होत नाही, पाव राहतो.

म्हणजे विचारायचं ते एवढंच, की किती अर्धायुष्यं उलटली. १/२ चा कितवा घात ०.७९ होतो? घात खाली उतरवायला लॉग हवा.

अर्धायुष्यांची संख्या = (लॉग १ − लॉग ०.७९) ÷ लॉग २ = ०.१०२४ ÷ ०.३०१० = ०.३४०२

वय = ०.३४०२ × ५७३० = सुमारे १९४९ वर्षं.

झालं गणित. आता इतिहास.

१९४७ साली कुमरानच्या एका गुहेत मेंढपाळांना जुन्या हिब्रू हस्तलिखितांच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांच्या वयावरून विद्वानांमध्ये जुंपली. अक्षराचं वळण पाहून बरेच जण त्या येशूच्या काळाच्या आसपासच्या म्हणत होते. सॉलोमन झाइटलिन यांच्यासारखे अभ्यासक मात्र त्या मध्ययुगातल्या आहेत असं ठासून सांगत.

त्याच सुमारास शिकागोला विलर्ड लिबी यांनी कार्बनवरून वय काढायची रीत बसवली होती. (पुढे १९६० साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.) तेव्हा या तपासणीसाठी नमुना बराच लागे आणि तो जाळावा लागे. गुंडाळी कोण जाळू देणार! म्हणून गुहेत सापडलेलं गुंडाळण्याचं तागाचं कापड तपासलं. निकाल आला : १९१७ वर्षं, २०० इकडे किंवा तिकडे. म्हणजे इ.स. ३३ च्या आसपास.

आपलं उत्तर थोडं वेगळं का आलं? लिबींनी अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलं होतं. ते घेतलं तर आपलं उत्तर १८९४ येतं, लिबींच्या जवळचं. ५७३० हे नंतरचं, अधिक अचूक मोजमाप.

पण खरी गोम त्या ७९ मध्ये आहे. तिथे ७८ लिहा, उत्तर २०५४ येतं. ८० लिहा, १८४५ येतं. एका टक्क्याच्या फरकाने शंभर वर्षं हलतात! लिबींचे "२०० इकडे-तिकडे" म्हणजे मोजणीत दोनेक टक्क्यांची शंका. त्यामुळे कापड इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं की इ.स. दुसऱ्या शतकातलं, हे या उत्तरावरून सांगता येत नव्हतं. पण झाइटलिन म्हणत तसं ते हजारेक वर्षांपूर्वीचंच असतं, तर कार्बन ८९ टक्क्यांच्या आसपास उरायला हवा होता. दहा टक्क्यांची चूक मोजणीत होणं शक्य नव्हतं. कापड मध्ययुगातलं नाही, एवढं या ढोबळ उत्तराने नक्की केलं.

आणखी दोन गोष्टी पुस्तकातलं गणित सांगत नाही. एक, हे वय तागाचं रोप कापलं तेव्हापासूनचं आहे, शाईने अक्षरं लिहिली तेव्हापासूनचं नव्हे. दुसरी, हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सर्व काळ सारखं नव्हतं. म्हणून आता झाडांच्या वर्षवलयांशी ताडून उत्तर दुरुस्त करतात. वर्षंही आजपासून मागे मोजत नाहीत, १९५० पासून मोजतात.

पुढे यंत्रं सुधारली, काही मिलिग्रॅम नमुना पुरू लागला. १९९१ साली झुरिकच्या तपासणीचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यात खुद्द यशयाच्या मोठ्या गुंडाळीचं चामडं होतं आणि ते इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं निघालं. अक्षर ओळखणाऱ्यांचा अंदाजही साधारण तिथेच होता.

तेव्हा नातीला कळवलं : उत्तर १९४९ लिही, पण त्याआधी "सुमारे" लिहायला विसरू नकोस.