इंजिनाचा आवाज : ठोका, टॅपेट आणि खडखड

चालत्या इंजिनातून नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला, तर तो कोणत्या भागातून येतो आणि तो येत असताना इंजिन चालू ठेवावे की नाही, हे ठरवण्याची पद्धत. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात हा प्रश्न बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाबाबत आणि नेमका हंगामात उभा राहतो. सोयाबीन काढणीला आलेले असते, मळणीयंत्र ट्रॅक्टरला जोडलेले असते आणि इंजिनातून ठकठक सुरू होते. इंजिन उतरवले तर आठवडा जातो. न उतरवता चालवले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जाऊ शकतात.

आवाज किती मोठा आहे, यावरून धोका कळत नाही. सैल झालेली सायलेन्सरची पट्टी सगळ्या वाड्याला ऐकू जाते आणि इंजिनाचे काहीच बिघडलेले नसते. उलट झिजत चाललेले बिगेंड बेअरिंग सुरुवातीला फक्त शेजारी उभ्या माणसाला ऐकू येते. आवाज कशाबरोबर बदलतो, हे पाहणे खरे कामाचे असते. इंजिन तापल्यावर वाढतो की कमी होतो? भार आल्यावर की मोकळ्या इंजिनावर? एक सिलिंडर बंद केल्यावर त्यात फरक पडतो का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक निदान होऊन जाते.

टॅपेटचा आवाज हलका, पातळ आणि एकसारखा टकटक असतो आणि तो इंजिनाच्या वरच्या बाजूने, हेडच्या झाकणाखालून येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह इंजिनाच्या वेगाच्या निम्म्या वेगाने वाजतो. मिनिटाला 800 फेऱ्यांवर इंजिन मंद चालत असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा म्हणजे सेकंदाला साधारण सात वेळा उघडतो. क्रँककडचा ठोका याच वेगाला सेकंदाला तेरा वेळा पडू शकतो. कानाने मोजता येत नाही, पण दोन्ही आवाज शेजारी-शेजारी ऐकले की निम्म्या लयीचा फरक लक्षात येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक झाकणाच्या बोल्टवर आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवली तर टॅपेटचा आवाज स्पष्ट येतो. तेच टोक खाली ब्लॉकवर नेले की तो मंदावतो. हे करताना पंखा आणि बेल्ट यांपासून हात दूर ठेवावा, गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवावा.

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये ठेवलेली फट झिजेने वाढली की टॅपेट वाजतो. अनेक ट्रॅक्टरांत ही फट 0.25 ते 0.40 मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्यावा आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गार किंवा गरम इंजिनावर लावावा. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फीलर गेजची पात किंचित अडत सरकेल इतका स्क्रू फिरवायचा आणि लॉकनट घट्ट करताना स्क्रू हलू द्यायचा नाही. इथे एक चूक वारंवार होते. गिऱ्हाइकाला आवाज नको असतो, म्हणून मिस्त्री फट गरजेपेक्षा कमी करतो. गाडी शांत होते. पण तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा लांबतो आणि फट उरत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते, आणि तो मार्ग तुटला की व्हॉल्व्ह जळतो. कॉम्प्रेशन जाते, गाडी ओढत नाही. त्यामुळे किंचित वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा अवाजवी शांत टॅपेटची चिंता जास्त करावी. मात्र टॅपेट अचानक वाजू लागला आणि ऑइल पातळी खाली आहे असे दिसले, तर फट लावण्याआधी ऑइलचे कारण शोधावे लागते, कारण वरपर्यंत ऑइल पोहोचत नसल्याची ती खूण असते.

पेट्रोल इंजिनातले नॉकिंग हा याहून वेगळा प्रकार. सिलिंडरमध्ये ठिणगीने पेटलेली ज्वाळा पसरत असताना शेवटी उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप भडकते आणि दाबाची लाट भिंतींवर आदळते. लहान मोटारीच्या सिलिंडरमध्ये हा आवाज सेकंदाला सुमारे सात-आठ हजार कंपनांचा असतो, म्हणून तो ठोक्यासारखा जड नसून पातळ, झणझणीत वाटतो. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर लावला की येतो आणि खालचा गिअर टाकला की जातो. टायमिंग पुढे असणे, कमी ऑक्टेनचे पेट्रोल, साचलेला कार्बन किंवा तापलेले इंजिन ही कारणे. क्षणभराचे नॉकिंग फार नुकसान करत नाही. रोज भाराखाली होत राहिले तर पिस्टनच्या कडा खचतात.

डिझेलमध्ये थोडा ठोका मुळातच असतो. नोझलमधून डिझेल आत गेल्यावर पेटायला काही क्षण लागतात. गार इंजिनात हा वेळ जास्त असतो, तोवर डिझेल साचते आणि मग एकदम पेटते. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर आवाज कडक आणि पाच-दहा मिनिटांत नरम होत असेल, तर बहुधा काळजीचे काही नाही. सैल पिस्टनची थप्पडही गार असताना ऐकू येते आणि पिस्टन तापून फुगला की जाते.

बिगेंड बेअरिंगचा ठोका याच्या उलट वागतो. गार असताना ऑइल दाट असते, म्हणून आवाज झाकला जातो. तापून ऑइल पातळ झाले की तो उघडा पडतो. चांगल्या बेअरिंगमध्ये क्रँक आणि शेल यांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते आणि तेवढ्या जागेत ऑइलचा पातळ थर भार उचलून धरतो. फट वाढली की थर फुटतो आणि धातू धातूवर आदळतो. हा ठोका जड, खोल असतो आणि स्क्रू ड्रायव्हरने ब्लॉकच्या खालच्या भागात, चेंबरजवळ ऐकू येतो. मध्यम वेगावर इंजिन धरून ॲक्सिलरेटर हळूच सोडला की तो विशेष उघड होतो, कारण त्या क्षणी रॉडवरचा दाब आणि ओढ यांची अदलाबदल होते.

आता एक उदाहरण धरू. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, मळणीवर चालताना जड ठोका देतो. ऑइल पातळी बरोबर आहे, मंद चालीवर दाबाचा काटा नेहमीच्या जागी आहे. इंजिन मंद ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा सैल करून ते सिलिंडर बंद केले. पहिले आणि तिसरे बंद केल्यावर फरक नाही. दुसरे बंद करताच ठोका जवळपास गेला. बहुतेक जण इथेच थांबतात आणि दुसऱ्या सिलिंडरचे बेअरिंग गेले असा निर्णय देतात. हा निर्णय घाईचा आहे. बिगेंड सैल असेल तर तिथला स्फोट बंद झाल्यावर आवाज कमी होतोच. पण त्या सिलिंडरचे नोझल बिघडले असेल, वेळेआधी किंवा गळत डिझेल टाकत असेल, तर तेव्हाही ठोका नेमका तसाच जातो. दोन्ही बिघाड एकाच परीक्षेला एकच उत्तर देतात.

म्हणून पुढची पायरी: दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची नोझले आपसांत बदलायची, खालचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे, पाइपातली हवा काढायची आणि पुन्हा ऐकायचे. ठोका तिसऱ्यावर गेला तर बिघाड नोझलमध्ये आहे. त्याचा दाब पंपवाल्याकडे तपासून घ्यावा; एवढ्यावर काम भागते. ठोका दुसऱ्यावरच राहिला, तर चेंबर उतरवणे आले. काळा धूर असेल तर नोझलची शंका आधीपासूनच बळकट असते. अर्ध्या दिवसाच्या या कामाने पूर्ण इंजिन विनाकारण उतरवण्याचा खर्च टळतो, त्यामुळे ते टाळणारा मिस्त्री माझ्या मते गिऱ्हाइकावर अन्याय करतो.

नट सैल करण्याची परीक्षा फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनावर करावी आणि तीही जाड कापड धरून. दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्याही वर असतो. तिथे चालू इंजिनावर कोणताही पाइप सैल करू नये.

चेंबर उतरवल्यावर ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून उन्हात पाहावे. चमकणारे कण दिसले आणि चुंबकाला चिकटले नाहीत, तर ते बहुधा बेअरिंगचे. शेलचा करडा थर झिजून खालचा तांबूस धातू दिसत असेल, तर ते शेल पुन्हा वापरू नये. क्रँकच्या जर्नलवर नख अडले, तर फक्त शेल बदलून भागत नाही. मायक्रोमीटरने माप घेऊन, गरज पडल्यास 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरच्या मापाने ग्राइंडिंग करून त्याच मापाची शेल घालावी लागतात. घाईत घासलेल्या क्रँकवर नवी शेल बसवली, तर ती पुढचा हंगामही टिकत नाहीत.

उरलेल्या खडखडाटांपैकी बहुतेक इंजिनाबाहेरचे असतात. क्लच दाबताच जाणारा आवाज क्लच प्लेटच्या स्प्रिंगांचा किंवा गिअरबॉक्सचा, विशिष्ट वेगालाच येणारा सैल पत्र्याचा किंवा ब्रॅकेटचा. ते शोधायला मळणीयंत्र किंवा बेल्ट सोडून इंजिन एकटे चालवून पाहावे. मात्र इंजिन एकटे नीट चालले म्हणजे जोडलेला भागही नीट आहे, असे धरू नये. फुलसावंगीतच ऑगस्ट 2021 मध्ये एका तरुण कारागिराचा मृत्यू झाला. मारुती 800 चे इंजिन वापरून त्याने स्वतः हेलिकॉप्टर बनवले होते. बातम्यांनुसार चाचणी सुरू असताना मागचे पाते तुटून मुख्य पात्यावर आदळले आणि ते त्याच्या डोक्याला लागले. इंजिनाने फिरवलेल्या पात्यात, पुलीत किंवा शाफ्टमध्ये कंप किंवा नवा आवाज असेल, तर वेग वाढवून ऐकायचे नाही. आधी थांबवायचे, मग थांबलेल्या यंत्रावर चिरा, वेल्डिंग आणि बोल्ट तपासायचे; आणि पुन्हा चालवताना फिरणाऱ्या भागाच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही.

चालवता-चालवता जड ठोका वाढला आणि ऑइलचा दिवा लागला किंवा काटा पडला, तर शेताचा बांध गाठण्याचाही प्रयत्न करू नये. त्या जागीच इंजिन बंद करावे, ऑइलची पातळी आणि गळती पाहावी, पण पुन्हा चालू न करता ट्रॅक्टर ओढूनच न्यावा. जकडलेला रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि मग बेअरिंगच्या खर्चाऐवजी नव्या इंजिनाचा खर्च मोजावा लागतो.