खिंड हरवते तेव्हा

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड, आम्ही तिघं, आणि नेटवर्क अर्थातच शून्य. फोनला त्याचं काय? जीपीएसला टॉवर लागत नाही, उपग्रह पुरतात. तयारी मी शुक्रवारी रात्रीच करून ठेवली होती. गडाभोवतीचा बारा बाय बारा किलोमीटरचा चौकोन, झूम १५ ला सव्वाशेच्या आसपास टाइल्स. झूम एकने वाढवला की टाइल्स चौपट होतात, म्हणून १६ वरच थांबलो. १७ ला हाच आकडा दोन हजारांच्या घरात जातो आणि डोंगरात हाती फारसं काही लागत नाही. (ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून अशा टाइल्स घाऊक उतरवायला मनाई आहे बरं का. त्यापेक्षा ऑसमअँडसारख्या अ‍ॅपमध्ये पूर्ण महाराष्ट्राची फाइल घ्यावी.) मग विमान मोड लावून घरातच नकाशा इकडेतिकडे सरकवून पाहिला. कुठेही राखाडी चौकोन नाही. मी खूष.

वेपॉइंट्स मात्र मी एका मित्राच्या वडिलांकडच्या जुन्या टोपोशीटवरून घेतले होते. ४७ ई/१५, एकास पन्नास हजार. तोलार खिंड, मंदिर, कोकणकडा... पट्टी लावून अक्षांश-रेखांश मोजले आणि फोनमध्ये टाकले.

सकाळी धुकं. फोन म्हणाला, पोहोचलात, हीच तोलार खिंड! समोर खिंड-बिंड काही नाही, नुसती कारवी. आम्ही काय केलं असेल? फोनवर विश्वास ठेवला! डावीकडे गडाची वाट शोधत अर्धा तास कारवीत घुसलो. शेवटी एक गुराखी मामा भेटले. म्हणाले, "खिंड वरती हाय, अजून थोडं चला." खरंच, शंभर-सव्वाशे मीटरवर होती.

घरी येऊन डोकं खाजवलं. पट्टीची चूक? सव्वाशे मीटर म्हणजे त्या कागदावर अडीच मिलिमीटर. इतका आंधळा मी नाही. मग बाकीचे बिंदू उपग्रहचित्रावर टाकून पाहिले. मंदिराचा बिंदू मंदिराच्या आग्नेयेला, कड्याचाही आग्नेयेला, आणि अंतर सगळ्यांचं सारखंच. खूण हीच लक्षात ठेवा. मोजताना चुकलात तर बिंदू वाटेल तसे विखुरतात, पण सगळे एकाच दिशेला तेवढेच सरकले असतील तर कागदाखालची पृथ्वीच वेगळी आहे.

ही वेगळी पृथ्वी आली कुठून? १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासपासून भारत मोजायला घेतला. साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण. हे करता करता १८२३ साली तो आपल्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हाती घेतलं आणि १८३० साली पृथ्वीच्या लंबगोलाची मापं काढली. अंतराळातून बघायची सोय नव्हती, त्यामुळे तो गोल भारताच्या जमिनीला नीट बसेल असा ठेवला गेला. सुरुवातीचा बिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. भारतापुरतं हे उत्तम होतं, पण त्या गोलाचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून कित्येकशे मीटर बाजूला पडलं. फोन वापरतो तो WGS84, त्याचं केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी. आकडे तेच, पण गोल दोन! २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठीचे नवे नकाशे WGS84 वर आले. जुने कागद मात्र अजून एव्हरेस्टचेच आहेत.

इलाज एका ओळीचा आहे (PROJ टाकलेलं हवं):

```
echo "19.39 73.78" | cs2cs -f "%.5f" EPSG:4146 EPSG:4326
```

उत्तर साधारण 19.39086 आणि 73.77926 येतं. म्हणजे खरी जागा ९५ मीटर उत्तरेला आणि ७८ मीटर पश्चिमेला. तिरकं अंतर सव्वाशेला दोन कमी. हुश्श! मामांचा अंदाज आणि एव्हरेस्टसाहेबांचं गणित जुळलं.

आता घाबरवणारा भाग. मंदिराकडून पश्चिमेला कोकणकड्याकडे जाताना ही चूक आपल्या बाजूची असते, फोनवरचा कडा खऱ्या कड्याच्या अलीकडे येतो. पण दरी पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तर उलटं. फोन म्हणणार अजून सत्तर-ऐंशी मीटर बाकी आहेत, आणि धुक्यात पाऊल हवेत. शिवाय हे आकडे हरिश्चंद्रगडाचे आहेत. पूर्वेला विदर्भाकडे सरकलात तर पश्चिमेचा फरक वाढत जातो, त्यामुळे ९५ आणि ७८ पाठ करून सगळीकडे लावू नका, प्रत्येक वेळी ती ओळ चालवा.

कागदावर कुठला गोल आहे हे समासात लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून आता शुक्रवारी रात्री मी एक काम जास्त करतो. प्रत्येक शीटवरचं एखादं देऊळ किंवा तलाव आधी फोनमध्ये टाकतो आणि तो उपग्रहचित्रावर नेमका बसतो का ते बघतो. रतनगडाच्या शीटवर रतनवाडीचं अमृतेश्वर निवडलंय. पुढच्या शनिवारी निघतोय, कोणाला यायचं असेल तर सांगा.